शेंगदाण्याच्या मुलखात बिनशेंगदाण्याचा वाढदिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मुलांच्या वाढदिवसाचा खाऊ म्हटलं की भडंग, वडे, वेफर्स, केक आणि कसलंतरी लाल सरबत हे ठरलेलंच. अडचण येते ती पाहुण्यांमध्ये ॲलर्जी असलेलं मूल निघालं की. इथे एकच उदाहरण धरलं आहे: सहा ते आठ वयाची १८ मुलं, त्यांतल्या एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी, एकीला दुधाची, एकाला अंड्याची, आणि खाण्यापिण्याला १५०० रुपये. रिटर्न गिफ्ट आणि फुगे त्यात धरलेले नाहीत.

कुणाला काय चालत नाही हे विचारायचं कसं? सगळे म्हणतात, "काही नाही हो, सगळं खातो."

"काही पथ्य आहे का?" असं विचारलं की हेच उत्तर येतं, कारण पथ्य म्हटलं की लोकांना ताप-खोकला आठवतो. त्यापेक्षा मेनूच पाठवा आणि नेमकं विचारा. आमंत्रणाच्या मेसेजखाली एवढं पुरे:

"खाऊला बटाटेवडे, पोह्यांचा चिवडा, केळी, केक आणि लिंबू सरबत आहे. शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ, दूध, अंडं, गहू, बेसन यांतलं काही खाऊन तुमच्या मुलाच्या अंगावर कधी गांधी उठल्या आहेत का, ओठ सुजलेत का, उलटी किंवा धाप लागली आहे का? असल्यास मला फोन करा."

यात बेसन मुद्दाम घातलं आहे. शेंगदाणा हे कडधान्याच्या जातीचंच पीक. शेंगदाणा न चालणारी बहुतेक मुलं हरभरा, मूग, तूर बिनघोर खातात. पण हरभऱ्याचीही ॲलर्जी असलेली मुलं असतात आणि आपला तर सगळा वडाच बेसनात बुडालेला.

फोन आला की तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली, पदार्थ प्रत्यक्ष खाल्ल्यावरच त्रास होतो की ताटात नुसता लागला तरी होतो. दुसरी, पाकिटावर "अंश असू शकतो" असं लिहिलेलं घरी चालवतात का. तिसरी, औषध कुठलं देतात आणि ते मुलासोबत येणार आहे का. पहिल्या दोन उत्तरांवर तुमचा बाजार ठरतो आणि तिसऱ्यावर त्या संध्याकाळी आई-वडिलांपैकी कुणी थांबावं का हे ठरतं. ज्याला आधी एकदा धाप लागली आहे किंवा जो चक्कर येऊन पडला आहे, त्याच्यासोबत घरचं माणूस हवंच. हे सांगायला संकोच करू नका, त्या घरच्यांना बरंच वाटतं.

त्या तिघांपुरतं वेगळं ताट केलं तर सोपं नाही का?

ऐकायला सोपं वाटतं. पण सात वर्षांची मुलं ताटावर बसून जेवत नाहीत. एकाचा अर्धा वडा दुसऱ्याच्या हातात जातो, कुणी भडंगाची मूठ घेऊन गादीवर लोळतो, आणि ग्लास कुणाचा कुठला हे पाच मिनिटांत कुणालाच सांगता येत नाही. शिवाय वेगळ्या ताटाला वेगळा झारा, वेगळं तेल, वेगळा डबा लागतो, म्हणजे खर्च वाढतो.

म्हणून सगळ्यांना एकच मेनू, आणि त्यात शेंगदाणा, काजू-बदाम, तीळ, दूध, अंडं यांतलं काहीच नाही. हे ठरलं की यादी आपोआप आखूड होते आणि पैसेही वाचतात, कारण बाजारात महाग पडतात ते चीज, क्रीम, काजू, आइस्क्रीम हेच पदार्थ.

शेंगदाणे घातले नाहीत म्हणजे झालं ना?

आपल्याकडे इथेच खरी गोम आहे. कोल्हापूरच्या स्वयंपाकात शेंगदाणा दिसतो त्याहून न दिसणारा जास्त. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, वड्याच्या लाल चटणीत कूट. हे सगळे पदार्थ मेनूतून काढले तरी तो चार वाटांनी घरात येतो.

पहिली वाट चुरमुऱ्यांची. भट्टीवर चुरमुरे, फुटाणे आणि शेंगदाणे बऱ्याचदा एकाच कढईत, त्याच गरम वाळूत आळीपाळीने भाजले जातात, एकाच चाळणीने चाळले जातात. भट्टीसमोर दहा मिनिटं उभं राहिलं की दिसतं: फुटाणे निघाले, वाळू परत कढईत, त्यावर शेंगदाणे. म्हणून "बिनशेंगदाण्याचं भडंग" हे विकत घेताना शब्दशः खरं असलं तरी ॲलर्जीच्या मुलाला उपयोगाचं नाही. दाणे निवडून काढलेलं भडंग तर अजिबात नको. साल आणि चुरा तळाशी राहतोच. भाजल्याने किंवा तळल्याने शेंगदाण्यातलं त्रास देणारं प्रथिनही जात नाही.

दुसरी वाट किराणा दुकानातल्या सुट्या मालाची. लक्ष्मीपुरीत भाव चांगला मिळतो, पण पोत्यांची तोंडं उघडी असतात आणि पोहे, डाळं, शेंगदाणे यांत एकच माप फिरतं. एरवी मीही तिथूनच घेते. पण या एका दिवसासाठी पोहे, बेसन, मैदा, साखर बंद पाकिटातली घ्या. किलोमागे पाच-दहा रुपये जास्त जातील.

तिसरी वाट फरसाणाची. शेव, पापडी, मसाला शेंगदाणे हे सगळं एकाच कढईतल्या तेलात तळलं जातं आणि एकाच काउंटरवर एकाच मापाने भरलं जातं. दुकानदार प्रामाणिकपणे "शेवेत दाणे नाहीत" असंच सांगेल, आणि ते खरंही असेल.

चौथी वाट आपल्याच घरातली, मिक्सरचं भांडं. ज्या भांड्यात रोज कूट होतं त्यातच तुम्ही केकसाठी पिठीसाखर किंवा वड्यासाठी आलं-लसूण वाटणार. भांडं घासलेलं असतं, पण झाकणाची रबरी रिंग आणि पात्याच्या खालची खाच कोण बघतं? रिंग काढून पाहा, कडेला पिवळट थर दिसेल. रिंग, झाकण, पातं वेगवेगळं करून साबणाने, गरम पाण्याने घासा. खाच निघत नसेल तर आलं-लसूण खलबत्त्यात कुटा आणि पिठीसाखर पाकिटातली आणा. पोळपाट आणि लाकडी उलथन्यावर कुटाची भाजी परतलेली असेल तर तेही बाजूला, कारण लाकडाच्या भेगा धुतल्या जात नाहीत. स्टीलचं वापरा.

तेल कुठलं वापरायचं? घाण्याचं शुद्ध असतं ना?

शुद्ध असतं, पण या कामाला नको. घाण्यावर काढलेल्या शेंगदाणा तेलात दाण्यातलं प्रथिन थोडंफार उतरतं, आणि ॲलर्जी प्रथिनाची असते, तेलाची नव्हे. रिफाइंड तेलात ते जवळपास उरत नाही. तरी वाद नको म्हणून सूर्यफुलाचं किंवा सरकीचं तेल, नवीन पाकीट फोडून. आधी काहीही तळलेलं तेल या दिवशी वापरू नका. डब्यात गाळून ठेवलेलं दिवाळीचं तेल तर नाहीच.

दूध चालत नाही असं म्हणतात. म्हशीचं चालेल का? तूप? दही?

गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन मोठे झालेल्या गावात हा प्रश्न पडणारच, आणि पडला की आजी हमखास म्हणते, "गाईचं बाधत असेल, म्हशीचं दे." तसं नाही. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की एकाची ॲलर्जी असलेल्या मुलाला बहुतेक वेळा दुसरंही बाधतं.

"दूध चालत नाही" याचे अर्थ मात्र दोन असतात. दुधातली साखर पचत नसेल तर पोट फुगतं, गॅस होतो, जुलाब होतात. त्रास होतो, पण जीवावर बेतत नाही, आणि असं मूल थोडं दही किंवा ताक पचवतंही. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर एक चमचा दह्यानेही गांधी, उलटी, धाप असा प्रकार होऊ शकतो. घरच्यांना नक्की सांगता आलं नाही तर दुसराच प्रकार धरून चाला. तूप कढवलेलं असलं तरी त्यात प्रथिनाचे अंश राहतात, म्हणून या मेनूत तूपही नाही.

काही मुलांना भाजलेल्या केकमधलं दूध चालतं आणि कच्चं चालत नाही. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीत ठरवायचं, आपल्या वाढदिवसाला नव्हे.

बेकरीतला एगलेस केक आणला तर प्रश्न मिटला का?

अंड्याचा मिटला, दुधाचा वाढला. अंडं काढलं की केक मऊ राहावा म्हणून त्यात दही, दूध पावडर किंवा कंडेन्स्ड मिल्क घालतात, आणि वर क्रीम. शिवाय पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच. दूध शाकाहारीच धरलं जातं, त्यामुळे ठिपका पाहून दुधाचं काही कळत नाही. वरच्या सजावटीत काजूचे तुकडे आहेत की शेंगदाण्याचे, हे तर बेकरीतल्या पोऱ्यालाही कित्येकदा माहीत नसतं.

घरी करा. बिनदुधाचा, बिनअंड्याचा कोको केक इतका सरळ आहे की बिघडवायलाच कष्ट पडतील. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ एकत्र चाळायचं. दुसऱ्या भांड्यात एक कप पाणी, पाच मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि थोडा व्हॅनिला इसेन्स. ओलं कोरड्यात ओतून गुठळ्या मोडेपर्यंतच हलवायचं आणि लगेच भांड्यात घालून भाजायला ठेवायचं. घाई यासाठी, की लिंबू आणि सोडा भेटताक्षणी बुडबुडे सुटतात आणि केक फुगतो तो त्यांच्यावरच. मिश्रण झाकून फोनवर बोलत बसलात तर बुडबुडे उडून जातात आणि केक वडीसारखा बसतो.

ओव्हन असेल तर १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. नसेल तर कुकर: तळाला वाटी-दीड वाटी मीठ, त्यावर स्टँड, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढलेली, आत पाणी नाही. दहा मिनिटं तापवून मग केकचं भांडं ठेवा आणि मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं. मधोमध सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. आठ इंची चौकोनी भांड्यात २० तुकडे पडतात. भांड्याला तेल आणि मैदा लावा किंवा बटर पेपर घाला. त्यात बटर नसतं, नावावर जाऊ नका. वरून एक कप पिठीसाखर, दोन चमचे कोको आणि दोन-तीन चमचे गरम पाणी घोटून ओता. दहा मिनिटांत तो थर सुकतो आणि मुलांना तेच हवं असतं.

कोकोचं पाकीट मात्र नीट वाचा. साधा, बिनसाखरेचा कोको घ्यायचा. दुधात घालून प्यायची चॉकलेट पावडर नको, तिच्यात दूध पावडर असू शकते.

पाकिटावर नेमकं काय वाचायचं?

घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची वेगळी ओळ असते. भारतातल्या नियमानुसार गहू व ग्लूटेन असलेली इतर धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जीव, मासे, अंडं, दूध, शेंगदाणे व काजू-बदामासारखी कवचफळं, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा तिथे उल्लेख करावा लागतो. या यादीत तीळ नाहीत. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात तीळ आणि खोबरं असतं, आणि घटकांत कधी नुसतं "मसाले" एवढंच लिहिलेलं असतं. तिळाची ॲलर्जी असलेलं मूल येणार असेल तर तयार मसाला टाळून हळद, तिखट, मीठ एवढ्यावर भागवा.

बिस्किटांच्या बाबतीत लोक फसतात. साध्या ग्लुकोज बिस्किटातही बहुधा दुधाचे घटक असतात. वेफर्स घ्यायचे तर नुसते मिठाचे. क्रीम-कांदा किंवा चीजच्या चवीत दूध पावडर येते. तोच ब्रँड, तीच चव असली तरी मोठं पाकीट आणि पाच रुपयांचं पाकीट वेगळ्या कारखान्यातलं असू शकतं, म्हणून दोन्हींची मागची बाजू वाचा.

प्यायला काय? मुलांना काहीतरी रंगीत हवं असतं.

लिंबू सरबत. सहा लिटर पाण्याला २० लिंबं, ६०० ग्रॅम साखर, दोन छोटे चमचे मीठ. एवढ्यात प्रत्येकाला दीड ग्लास मिळतो आणि थोडं उरतं. साखर आधी लिटरभर कोमट पाण्यात विरघळवून घ्या, नाहीतर तळाशी बसते आणि शेवटच्या चार पोरांना पाक मिळतो. लिंबू वाढायच्या तासभर आधीच पिळा. सकाळी पिळून ठेवलेलं संध्याकाळी कडवट लागतं.

रंग हवा असेल तर कोकणातून घाट चढून आलेलं कोकम आपल्याकडे सहज मिळतं. कोकम सरबताचा तयार अर्क एकास चार-पाच पाणी घालून होतो. सोलकढी नको, पोरं पीत नाहीत. मसाला दूध, लस्सी, बदाम शेक हे या मेनूत बसतच नाहीत. उसाचा रस स्वस्त आणि फक्कड खरा, पण गुऱ्हाळातून किंवा रसवंतीवरून आणून तासभर ठेवला की काळवंडतो, आणि बर्फ कुठल्या पाण्याचा हे कुणालाच ठाऊक नसतं.

१५०० रुपयांत हे सगळं खरंच बसतं?

बसतं. खालचे भाव ढोबळ आहेत. मोसमानुसार इकडेतिकडे होतील.

प्रत्येकी दोन लहान बटाटेवडे धरले तर ४० वड्यांना दोन किलो बटाटा लागतो, ६० रुपये. अर्धा किलो बेसन ६०. सूर्यफूल तेलाची दोन पाकिटं ३००. हाच सगळ्यांत मोठा आकडा आहे आणि तो कमी करायच्या नादाला लागू नका, कारण कमी तेलात वडे तेल पितात. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर ५०. म्हणजे वड्यांचे ४७०, अर्थात त्यातलंच तेल चिवडा आणि केकलाही पुरतं.

केकला मैदा ३०, कोको १३०, सोडा आणि इसेन्स ५०, असे २१०. साखर एक किलो ४५, सरबत आणि केक दोन्ही मिळून. लिंबं १००, उन्हाळ्यात हा आकडा दुप्पट होतो, तेव्हा कोकमाकडे वळा. चिवड्याला अर्धा किलो पातळ पोहे, खोबऱ्याची एक वाटी, कढीपत्ता असे १००. खोबऱ्याचे तयार काप काजूशेजारच्या बरणीतले असतात, म्हणून अख्खी वाटी घेऊन घरी कापायची, आणि खोबरं चालतं का हे त्या घरच्यांना विचारून घ्यायचं. केळी दोन डझन ११०. कपिलतीर्थ मार्केटला संध्याकाळी उशिरा गेलात तर कमीत मिळतील. पाण्याचा जार ४०. ताटल्या, ग्लास, कागदी रुमाल १२०. सॉसची बाटली आणि बटर पेपर १००.

बेरीज १२९५. उरलेले दोनशे साबण, बर्फ आणि आयत्या वेळी आलेल्या चुलत भावंडांसाठी.

पैसे कमी असतील तर पहिल्यांदा केळी काढा, केक काढू नका. आणखी कमी असतील तर वड्यांऐवजी इडली: तांदूळ आणि उडीद एवढंच, तळणाचं तेल वाचतं. फक्त सोबतची चटणी डाळं-शेंगदाण्याची होऊ देऊ नका. ओलं खोबरं आणि कोथिंबीर पुरे.

गहू न चालणारं मूल आलं तर?

मग केक अडतो, बाकी मेनू जवळजवळ तसाच राहतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. बाजारातला बांधणीचा हिंग बहुधा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मळलेला असतो, म्हणून वड्यात हिंग नको. आणि नाचणी किंवा तांदळाचं पीठ गिरणीतून दळून आणलं तर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू त्यात येतो. बंद पाकीट घ्या आणि त्यावर ग्लूटेनचा उल्लेख काय आहे ते पाहा. त्या मुलाला केकच्या वेळी काय द्यायचं हे त्याच्या आईलाच विचारा. तिच्याकडे त्याचं काहीतरी ठरलेलं असतंच.

पाहुणे पेढे, चिक्की, चॉकलेटं घेऊन येतात. त्यांना नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणायचंच नाही. "फार छान, देवापुढे ठेवते," म्हणून घ्यायचं आणि डबा न उघडता आतल्या खोलीत, कपाटावर. मुलं गेल्यावर उघडायचा. एकदा का डबा हॉलमध्ये उघडला की आत्या प्रत्येकाच्या तोंडात पेढा कोंबत फिरणार, आणि दुधाची ॲलर्जी असलेली मुलगी नको म्हणाली तर "एवढ्याशानं काही होत नाही" असं म्हणणार. म्हणून आत्याला आणि आजीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. नुसतं "ॲलर्जी आहे" म्हटलं तर नखरे वाटतात. "दवाखान्यात न्यावं लागलं होतं" असं त्या मुलीच्या आईने सांगितलं असेल तर तसंच सांगा.

प्रत्यक्ष त्या दिवशी क्रम काय ठेवायचा?

चिवडा आणि केक आदल्या दिवशी करा. चिवड्याच्या डब्यात पूर्वी शेंगदाण्याचा चिवडा असायचा का ते आठवा. असेल तर दुसरा डबा घ्या. सकाळी ओटा साबणाने धुवा, कुटाची बरणी आणि भडंगाचा डबा स्वयंपाकघरातून हलवा. त्या दिवशी घरातल्या मोठ्यांच्या जेवणातही कूट नको, कारण तोच झारा आणि तेच फडकं वापरलं जातं. वड्याचं सारण दुपारी, तळणं मुलं आल्यावर.

मुलं आली की आधी हात धुवायला लावा. कुणी रिक्षात चिक्की खात आलेलं असतं. सॅनिटायझर इथे कामाचा नाही: तो जंतू मारतो, पण शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. साबण आणि वाहतं पाणी हवं. मोरीत गर्दी होते म्हणून बाहेर बादली, तांब्या आणि साबण ठेवला की पोरं आनंदाने धुतात. खाऊन झाल्यावर पुन्हा एकदा.

ग्लासावर मार्करने नावं लिहा. तोच ग्लास सगळ्या फेऱ्यांना वापरला जातो आणि ग्लासांचे पैसेही वाचतात.

इतकं करूनही त्रास झाला तर?

नुसत्या दोन-चार गांधी आल्या आणि मूल खेळत असेल तर खाणं थांबवा, घरच्यांना बोलवा, त्यांनी दिलेलं औषध द्या आणि नजर हटवू नका. पण ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, सतत खोकला, घरघर, धाप, वारंवार उलट्या, चेहरा पांढरा पडून गळून जाणं, यांतलं काहीही दिसलं तर ती धोक्याची ॲलर्जी समजा. हे बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतं.

अशा वेळी उपाय एकच, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. घरच्यांकडे डॉक्टरांनी देऊन ठेवलेलं असेल आणि कसं टोचायचं हे शिकवलेलं असेल तर वाट न पाहता द्यायचं. नसेल तर १०८ला फोन करा. रुग्णवाहिका यायला उशीर दिसला तर चारचाकी काढून सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या, तातडीचा विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. खाजेची गोळी किंवा सिरप देऊन "बघू अर्धा तास" असं करू नका. त्याने गांधी कमी होतात, श्वास मोकळा होत नाही. मुलाला आडवं झोपवून पाय थोडे उंच ठेवा. धाप लागत असेल तर टेकून बसवा. उठवून चालवू नका, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास थांबवून घेतात, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

काय खाल्लं होतं त्याचं पाकीट सोबत न्या. म्हणून त्या दिवशीची सगळी रिकामी पाकिटं दुसऱ्या दिवसापर्यंत एका पिशवीत ठेवा, कचरागाडीत देऊ नका.

सगळं एकाच चवीचं, सपक होत नाही का? मोठी माणसं कुरकुरतात.

मोठ्यांसाठी मिरचीचा ठेचा करा, कूट न घालता, आणि तो स्वयंपाकघरातच ठेवा. ज्यांना भेळ हवी ते नंतर रंकाळ्यावर जाऊ शकतात.